बारा कॅरोसेल, एक आंबा आणि २१ मेचा पाऊस

२१ मे २०२५, बुधवार. सकाळी सव्वासातला आंबा बागायतदार काकांचा फोन आला. मागे पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्यांचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं. एवढंच कळलं, "बाय, तोडा बंद. ह्यापुढे पेटी जावची नाय."

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. संध्याकाळी सातला आमचं नववं कॅरोसेल, म्हणजे एकेक स्लाइड सरकवत बघायची इन्स्टाग्राम पोस्ट, जाणार होतं, त्यानंतरची तीनही वेळ लावून तयार होती. विषय अगदी साधे होते, पावसाशी त्यांचा संबंध नव्हता. पण प्रत्येकाच्या शेवटच्या स्लाइडवर पिवळ्या पट्टीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "शेवटचा तोडा ३० मे. पेटीसाठी मेसेज करा." आधी गेलेल्या आठ कॅरोसेलवरही तीच पट्टी होती. तोडा संपला होता आणि आमची बाराही कॅरोसेलं पेट्या विकत होती.

हे कसं झालं ते सांगायचं तर एप्रिलपासून सुरुवात करायला हवी.

मी कुडाळात राहून छोट्या व्यावसायिकांची इन्स्टाग्राम पानं सांभाळते. काकांची हापूसची बाग देवगड तालुक्यात आहे, पेट्या मुंबई-पुण्याला थेट घरपोच जातात. आदल्या मोसमात मी रोज रात्री उद्याची पोस्ट शोधत बसायचे आणि ऐन गर्दीत आठवडा आठवडा पान रिकामं राहायचं. म्हणून या वेळी ठरवलं की मेचा सगळा मजकूर एप्रिलमध्येच, एकाच मुख्य विषयातून काढायचा.

मुख्य विषय मला शोधावा लागला नाही. काकांच्या व्हॉट्सॲपवर आदल्या मोसमात आलेले प्रश्न एका वहीत उतरवले. भावाचे आणि पत्त्याचे बाजूला काढल्यावर उरलेले जवळजवळ सगळे एकाच गोष्टीभोवती फिरत होते: आंबा पिकतो कसा. हिरवे आलेत, कच्चे पाठवलेत का? फ्रिजमध्ये ठेवू का? वरून छान आणि आत पांढरं कसं? देठाजवळ काळे डाग कसले? सारखे प्रश्न एकत्र केले तेव्हा बारा उरले. दर सोमवार, बुधवार आणि शनिवार धरला तर ३ मे ते २८ मे बरोबर बारा दिवस येतात.

कॅलेंडर म्हणजे गूगल शीटमधलं एक पान. प्रत्येक कॅरोसेलला एक ओळ आणि रकाने सात: तारीख, ग्राहकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, पहिली स्लाइड, दुसरी स्लाइड, लागणारे फोटो, कॅप्शन, काम कुठवर आलं. दुसऱ्या स्लाइडला स्वतंत्र रकाना देण्याचं कारण आहे. कॅरोसेल समोर येऊनही कुणी सरकवलं नाही, तर इन्स्टाग्राम त्याला तेच पुन्हा दाखवताना कधी कधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. त्यामुळे दुसरी स्लाइड पहिलीच्या आधाराशिवाय वाचता आली पाहिजे. "कारण असं की..." अशी सुरुवात तिथे चालत नाही.

ओळींचा क्रम मी आधी झाडापासून ताटापर्यंत लावला होता: मोहोर, तोडणी, पेंढ्यात पिकवायची आढी, घर. कागदावर छान दिसत होता. पण ३ मेला ज्यांच्या घरी पेटी पोचणार, त्यांना मोहोराचं काय करायचं? त्यांच्यासमोर हिरवे आंबे असतात. म्हणून क्रम उलटा केला आणि "पेटी उघडली, आंबे हिरवेच" हे पहिलं घेतलं. त्याची दुसरी स्लाइड अशी होती: "हे कच्चे नाहीत. झाडावर पूर्ण जून झालेले आहेत, फक्त पिकायचे बाकी आहेत." तिसरीवर जून फळाचा फोटो, ज्यात देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आलेले दिसतात. चौथीवर पेंढ्यात एका थरात मांडणी, पाचवीवर पिकण्याआधी फ्रिज का नको, सहावीवर देठाजवळचा वास आणि बोटाखाली लागणारा मऊपणा. सातवी सगळ्यांना सारखी, ऑर्डरची.

फोटोंमध्ये एक अडचण होती. बाकीचे फोटो बागेत एका सकाळी निघतात, लांब काठीच्या झेल्याने काढलेलं फळ, सोडलेला देठ, देठ मोडल्यावर सालीवर ओघळणारा चीक, वजनाप्रमाणे लावलेले ढीग. पण पिकण्याच्या पायऱ्या एका सकाळी मिळत नाहीत. त्यासाठी १८ एप्रिललाच काकांना एक छोटी आढी घालायला सांगितली. त्यांच्या सुनेने रोज सकाळी त्याच खिडकीत, त्याच तीन आंब्यांचा फोटो काढून पाठवला. २६ तारखेला मी बागेत गेले तेव्हा हिरव्यापासून केशरीपर्यंतची मालिका हातात होती. त्यातल्या मधल्या आंब्यावर पाचव्या दिवशी देठाकडून पिवळी झाक कशी उतरायला लागली, ते इतकं स्पष्ट दिसतं की त्या स्लाइडवर मी एकही शब्द लिहिला नाही.

२७ एप्रिलच्या रविवारी बसून सगळं केलं. एक कॅरोसेल पूर्ण करून मग दुसरं, असं मी मुद्दाम केलं नाही. शीटवर आडवं न जाता उभी उतरत गेले. आधी बाराही पहिल्या स्लाइड, मग बाराही दुसऱ्या, मग मधला मजकूर, मग फोटो बसवणं. डोकं एकाच प्रकारच्या कामात राहतं, आणि दोन ओळींत तेच सांगितलंय हे डिझाइनवर वेळ घालवायच्या आधीच दिसतं. माझी "आंबा धुवायचा कधी" आणि "सालीवरचा चीक" ही दोन कॅरोसेलं अशीच एक झाली. रिकाम्या जागी साका आला.

साक्यावरून काकांशी थोडी ओढाताण झाली. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात गर पांढरट, स्पंजासारखा निघतो तो साका. कापल्याशिवाय कळत नाही, हापूसमध्ये तो होतोच. "ह्या कित्याक सांगतंस? लोक घेवचे नाय," काका म्हणाले. मी त्यांना वहीतले प्रश्न दाखवले. ज्याच्या ताटात साका निघाला, त्याला तुम्ही फसवलं असंच वाटलं होतं. शेवटी त्यांनीच सांगितलेल्या दोन गोष्टी स्लाइडवर घातल्या: फळ झाडावर फार जून होऊ दिलं की साक्याचं प्रमाण वाढतं, आणि तोडल्यावर तापलेल्या जमिनीवर, उन्हात फळ ठेवायचं नाही. महिनाभरात सगळ्यात जास्त जणांनी जपून ठेवलं ते हेच कॅरोसेल.

अक्षरं तपासायला संध्याकाळ गेली. मराठी मजकुराला ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर चढतात, ते मी १.४ पर्यंत वाढवते. काही फॉन्ट "दुसऱ्या"मधला ऱ्य नीट दाखवत नाहीत, "दुसर्या" होतं. म्हणून फोनवर, खऱ्या आकारात, ८४ स्लाइड एकेक करून वाचल्या. सातवी मात्र एकदाच वाचली, कारण ती बारा वेळा तीच होती.

महिना सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कॅलेंडर हलवावं लागलं. ७ मेच्या सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. त्या दिवसांत आंबे पिकवण्याबद्दल बोलणं मनाला पटेना. ७ आणि १० तारखेच्या पोस्ट ११ आणि १३ला नेल्या. दोन तारखा बदलल्या, काम झालं. एका विषयातल्या असल्या तरी त्या एकमेकींवर टेकलेल्या नव्हत्या, म्हणून हे जमलं. "भाग ३" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पावसाच्या दिवशी तसं जमलं नाही. मजकूर खरा होता, पण तारीख चित्रात होती. कॅप्शन कधीही बदलता येतं, चित्रातलं अक्षर बदलता येत नाही. आणि मी ती तारीख अशा जागी ठेवली होती जी बारा वेळा छापली जाते.

साडेसातला कामाला लागले. न गेलेल्या चारही पोस्ट रद्द केल्या, सातवी स्लाइड काढून सहा-सहा स्लाइडच्या पुन्हा लावल्या. गेलेल्या आठांचं काय, हा खरा प्रश्न होता. पूर्ण पोस्ट काढली तर खालच्या लोकांच्या प्रश्नोत्तरांसकट सगळं जातं. पण प्रसिद्ध झालेल्या कॅरोसेलमधून एखादी स्लाइड वगळता येते. पोस्ट संपादनाला उघडायची, त्या स्लाइडवर जायचं, कोपऱ्यातल्या कचरापेटीच्या चिन्हावर टेकवायचं. आठ वेळा केलं. मग कॅप्शनमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं: "पावसामुळे यंदाचा तोडा २१ मेला थांबला. ज्यांचे पैसे आलेत त्यांना आजपासून परत जातील." दहाच्या आत झालं. तरी रात्रीतून सात जणांनी ती पिवळी पट्टी बघून पैसे पाठवले होते. प्रत्येकाला काकांनी स्वतः फोन केला.

एकीने विचारलं, झाडावर आहेत ते तर द्या. काकांनी तिला समजावलं की पावसात भिजलेलं फळ आढीत टिकत नाही, काळे डाग पडतात, फळमाशी लागते. हे ऐकून मी २४ तारखेची "उशिराचा आंबा गोड का" ही ओळ काढली आणि २८ची तिथे आणली: "हापूसची कोय लावली तर हापूस येतो का?" त्याचं उत्तर, नाही, बियाचं झाड मूळ झाडासारखं निघत नाही, कलमच हवं. हे उत्तर पावसात जास्तच कामाचं होतं. २५ तारखेला मान्सून कोकणात देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, तेव्हा त्या पोस्टखाली कलम कसं बांधतात याचीच चर्चा चालली होती.

शीटमध्ये आता आठवा रकाना आहे: "यातलं काय शिळं होऊ शकतं?" भाव, तारीख, शिल्लक पेट्या, सगळं तिथे लिहायचं आणि ते फक्त कॅप्शनमध्ये जाऊ द्यायचं. सातव्या स्लाइडवर बागेचा फोटो आणि नंबर, बस.

२८ला संध्याकाळी काकांचा पुन्हा फोन आला. या वेळी पाऊस थोडा थांबला होता. रायवळाच्या कोयी रुजत घालतोय, म्हणाले, जुलैत त्यांच्यावर कोय कलमं बांधणार. "फोटो काढूक येतंस काय? आतापासून रोज एक काढून ठेवूचो लागात ना?"