पेला भरलाय, पण कुणाचा?

टॅरोचे पत्ते पसरून बसलं की सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच: ‘या नव्या नात्यावर विश्वास ठेवू का?’ त्यावर नेमका एस ऑफ कप्स, म्हणजे पेल्यांचा एक्का निघाला, की विचारणारीचा चेहरा खुलतो आणि माझी पंचाईत होते.

चित्र आहेच तसं. 1909 साली पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या संचात ढगातून एक हात पुढं येतो, तळव्यावर पेला. वरून पांढरं कबूतर उतरतंय, पेल्यातून पाण्याच्या धारा ओसंडून खालच्या कमळांच्या तळ्यात पडतायत. कुणालाही वाटेल, झालं, देवानंच होकार दिला. पण नीट बघा, या पत्त्यात माणूसच नाही. नुसता हात आहे, तोही ढगातला. देऊ केलेला पेला कोण घेतंय, प्यायल्यावर पुढं काय होतंय, याचा पत्ता नाही. दोन माणसं समोरासमोर पेले घेऊन उभी राहतात ती पुढच्या पत्त्यात, टू ऑफ कप्समध्ये. एस म्हणजे फक्त सुरुवात.

आमच्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात पडते तेव्हा फेस काठावर येतो. ग्लास भरला असं वाटतं, पण खरं दूध किती ते फेस बसल्यावर कळतं. एस ऑफ कप्स हा फेसाच्या क्षणाचा पत्ता आहे. (फेस खोटा नसतो हं, दूध असल्याशिवाय तो येत नाही.)

परवा मावसबहिणीला हाच पत्ता आला. घटस्फोटानंतर बरीच वर्षं तिनं मन बंद ठेवलं होतं. आता ऑफिसातला एकजण आवडायला लागलाय. रात्री भरभरून मेसेज करतो, पण महाद्वार रोडला सोबत फिरायचं म्हटलं की त्याला काम निघतं.

“बघ, आला की नाही पत्ता!” ती म्हणाली.

“आला, पण तुझ्याबद्दल आलाय. तुझं मन परत भरायला लागलंय, ते खरं आहे. तो कसा आहे, हे तू पत्त्यांना विचारलंस कुठं?”

मग प्रश्न बदलला: ‘तो या नात्यासाठी काय करतोय?’ निघाला नाइट ऑफ कप्स. पेला पुढं धरून घोड्यावर बसलेला देखणा गडी. बोलणं गोड, पण घोडा संथ चालतोय आणि समोरची नदी अजून ओलांडायची आहे. हाही नकार नव्हे. फक्त इथून पुढं बघायचं ते त्याचं वागणं, आणि ते पत्त्यात दिसत नाही.

बहिणीनं पत्ता उचलून जवळून बघितला. “म्हणजे गडी अजून पाण्याच्या अलीकडंच हाय म्हण की.” मग तिनं फोन काढला. “रविवारी घरी जेवायला ये म्हणते. आई पण असेल. बघू, काय काम निघतंय ते.”