हँडलवरच्या होल्डरने खाल्लेला कॅमेरा

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीजवळ मी मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. कॅमेऱ्याची तक्रार घेऊन येणारा फोन बहुधा पडलेला किंवा भिजलेला असतो आणि तशी खूण सापडली की पुढचे निदान सोपे जाते. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारे एक गृहस्थ जो फोन घेऊन आले, त्याच्यावर मात्र ओरखडासुद्धा नव्हता, आत पाणी गेल्याची खूण नव्हती, आणि तरीही त्याचा मुख्य कॅमेरा दुसऱ्यांदा बिघडला होता. पहिल्या वेळी त्यांनी दुसऱ्या दुकानात नवा कॅमेरा बसवून घेतला होता, आणि काही महिन्यांतच त्याचीही तीच गत झाली होती.

फोन टेबलावर स्टँडमध्ये घट्ट उभा करून मी कॅमेरा सुरू केला आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे पाहू लागलो. फोन तसूभरही हलत नव्हता, पण पडद्यावरचे आकडे पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखे थरथरत होते, आणि फोन कानाजवळ नेला की मागच्या बाजूने बारीक गुणगुण ऐकू येत होती. तोच फोन ०.५ च्या रुंद लेन्सवर नेताच चित्र एकदम स्थिर झाले. बहुतेक फोनमध्ये या रुंद कॅमेऱ्याची लेन्स बाजूला सरकणारी नसते, मुख्य कॅमेऱ्याची असते. त्यामुळे एक थरथरतो आणि दुसरा शांत राहतो, तेव्हा संशय थेट मुख्य कॅमेऱ्याच्या स्टॅबिलायझेशनवर, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेवर जातो. फोन हलला की नाही हे सांगणारा जायरोस्कोप बोर्डावर असतो. तो बिघडला असता तर कॅमेरा बदलून काहीच उपयोग नव्हता, म्हणून चाचणीच्या ॲपमध्ये त्याचे आकडे पाहिले. फोन स्थिर असताना ते शून्याच्या आसपास शांत होते. दोष कॅमेऱ्यातच होता.

बदललेला कॅमेरा सहसा भंगाराच्या डब्यात जातो. दुसऱ्या दुकानाने पहिला कॅमेरा तसाच टाकून दिला होता, आणि फोन दिवसभर कुठे ठेवता हे गिऱ्हाइकाला विचारलेही नव्हते, याचा मला आजही राग येतो. हा दुसरा कॅमेरा मी मायक्रोस्कोपखाली उघडला. या प्रकारात लेन्सचा गोल चार कोपऱ्यांतल्या केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असतो. भोवती छोटी चुंबके आणि तांब्याची वेटोळी असतात; हात उजवीकडे हलला की वेटोळ्यांतला प्रवाह लेन्सला उलट बाजूला ओढतो, आणि ती नेमकी किती सरकली हे चुंबकीय सेन्सर मोजत राहतो. त्याच तारांमधून फोकसच्या वेटोळ्याला वीजही मिळते. चारपैकी एक तार डाख दिलेल्या जागेच्या अगदी वर तुटलेली होती. तिचे टोक वाकलेले किंवा ओढलेले नव्हते, सरळ कापल्यासारखे होते. पुन्हा पुन्हा वाकून थकलेला धातू बहुधा असाच तुटतो. एका तारेचा आधार गेल्यावर लेन्स एका बाजूला झुकते, यंत्रणा तिला मधोमध आणू पाहते, ती पुन्हा झुकते, आणि हीच ओढाताण आपल्याला थरथर आणि गुणगुण म्हणून जाणवते.

तार मी त्यांना पडद्यावर दाखवली आणि फोन रोज कुठे असतो ते विचारले. ते धायरीहून बायपासने चाकणला जातात, गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, आणि नकाशा दिसावा म्हणून फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये असतो. ‘‘पण गाडी चालवताना मी कॅमेरा कधीच वापरत नाही हो,’’ ते म्हणाले. बहुतेकांचा इथेच गैरसमज असतो. कॅमेरा बंद असताना वेटोळ्यांत प्रवाह नसतो, त्यामुळे लेन्सला धरून ठेवणारे काहीच नसते. ती तारांवर मोकळी झुलते आणि जोराच्या कंपनात कडांवर आपटू शकते. असे अनेक फोन बंद असताना कानाशी हलवले की आत खुळखुळ ऐकू येते, ती याचीच, आणि तेवढ्यावरून बिघाड समजू नये.

मग हिशेब त्यांनीच मांडला, कारण त्यांच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग कंपनाच्या टेबलावर बसवून तपासतात. बायपासवर त्यांच्या गाडीचा काटा मिनिटाला ४,२०० फेऱ्यांच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला ७०. एका सिलिंडरच्या इंजिनाचा मुख्य धक्का दर फेरीला एकदा बसतो, म्हणून तासाला अडीच लाख आणि जाऊन-येऊन दोन तासांत पाच लाख हेलकावे झाले. हाताची थरथर सेकंदाला साधारण दहा-बारा वेळा होते आणि ही यंत्रणा तेवढ्यासाठी बनवलेली असते. ‘‘आम्ही एखादा भाग मुद्दाम मोडायचा म्हणून इतका वेळ टेबलावर ठेवतो,’’ एवढे बोलून ते गप्प झाले.

आयफोन बनवणाऱ्या ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये हेच जाहीरपणे सांगितले होते: जास्त ताकदीच्या मोटारसायकलच्या इंजिनाची कंपने हँडल आणि चॅसीमधून फोनपर्यंत पोचतात, म्हणून फोन अशा गाडीला जोडू नये, मोपेड किंवा स्कूटरला जोडायचाच असेल तर कंपन शोषणारा होल्डर वापरावा, आणि तोही रोज दीर्घकाळ नको. मात्र हा प्रश्न एकाच कंपनीच्या फोनचा नाही. सरकती लेन्स ज्यात आहे, त्या प्रत्येक फोनचा आहे.

होल्डरच्या खोक्यावर ‘शॉकप्रूफ’ लिहून विकणाऱ्यांबद्दल माझे मत चांगले नाही. चार कोपऱ्यांना रबराचे पंजे असले की फोन पडत नाही, इतकेच. जितकी पकड घट्ट, तितके हँडलचे कंपन जसेच्या तसे फोनमध्ये उतरते. खऱ्या डॅम्परमध्ये, म्हणजे कंपन शोषणाऱ्या होल्डरमध्ये, हँडलला आवळलेली पट्टी आणि फोन धरणारी पट्टी वेगळ्या असतात आणि मध्ये मऊ रबराच्या किंवा सिलिकॉनच्या गुट्ट्या असतात. फोन बसवून कोपरा बोटाने दाबावा: तो चहूबाजूंना थोडा झुलून परत जागेवर आला पाहिजे. दगडासारखा घट्ट वाटला तर त्या गुट्ट्या बारीक, वेगवान कंपन अडवत नाहीत. उन्हाने रबर कडक होते, म्हणून ही तपासणी अधूनमधून पुन्हा करावी. होल्डर हँडलच्या मध्यावर, जिथे ते आवळलेले असते, तिथे बसवावा. आरशाच्या दांड्यावर किंवा लांब हातावर बसवला की टोकाचे हेलकावे वाढतात. इतके करूनही डॅम्पर कंपन कमी करतो, संपवत नाही, म्हणून एका सिलिंडरच्या मोठ्या गाडीवर मी तोही सुचवत नाही.

त्या गृहस्थांनी नवा कॅमेरा बसवल्यावर फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायला सुरुवात केली, कारण अंगाच्या मऊपणात ही कंपने बऱ्याच अंशी विरून जातात. हँडलवर त्यांनी ब्लूटूथने वळणाचे बाण दाखवणारा छोटा डिस्प्ले लावला. त्यात कॅमेराच नाही.

जेवण पोचवणाऱ्या मुलांना मात्र हे जमत नाही, कारण ऑर्डर आली की पडद्यावर लगेच बोट लावावे लागते. स्कूटरचे कंपन कमी असले तरी त्यांचा फोन दहा-दहा तास हँडलवर असतो. त्यांना मी सरकत्या लेन्सचा नसलेला साधा, स्वस्त फोन हँडलवर आणि चांगला फोन खिशात ठेवायला सांगतो. फोन एकच असेल तर डॅम्परचा होल्डर घ्यावा, आणि हॉटेलसमोर ऑर्डरची वाट पाहताना इंजिन बंद करावे.