उभी कुठे?

“ताई, तुमच्या त्या दौंडच्या गोष्टीतल्या बाईच्या गाण्याची पुढची ओळ काय होती? तुम्हाला माहीत असणारच ना?”

माहीत होती. पहिल्या खर्ड्यात ती होतीही. नंतर मी ती काढली. ती का काढली हे सांगायचं तर गोष्ट थोडी उलगडावी लागेल. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी तशीही ती सांगायला हवी.

एक वसुलीवाला आहे. छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीचे हप्ते गोळा करतो. पुण्याला साहेबाची बोलणी खाऊन परत निघालाय. उतरायचंय बेलापूरला, म्हणजे श्रीरामपूरला. (त्या गावच्या स्टेशनाचं नाव बेलापूर आहे आणि नवी मुंबईतल्या बेलापूरशी त्याचा काही संबंध नाही. गोष्ट छापून आल्यावर दोन-चार जणांनी नकाशा चुकल्याचं कळवलं, म्हणून हे मध्येच.) दिवसभर बोलून त्याचं तोंड दुखतंय. गाडी दौंडला थांबते आणि खिडकीखालून एक बाई गात जाते. उजव्या हाताच्या बोटांत फरशीचे दोन पातळ तुकडे, त्यांचा टक-टक ठेका. मुखडा त्याला पुरता ऐकू येतो. अंतरा सुरू होतो, “पाणी भरून झालं, उन्हं कलली गं, बाई मी उभी...” आणि नेमकी त्याच वेळी डोक्यावरच्या भोंग्यातून घोषणा सुरू होते. बाई गायची थांबत नाही. तिचे ओठ हलताना त्याला दिसतात, मधे एकदा मिटतातही. शब्द कळत नाही. घोषणा संपते तोवर ती तीन खिडक्या पुढे गेलेली असते.

मग ते गाणं त्याला चिकटतं. बेलापूरपर्यंत, घरापर्यंत, दुसऱ्या दिवशी हप्त्यांच्या फेरीतही.

दौंडच का, हेही काही जण विचारतात. पुण्याकडून अहिल्यानगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला तोंड फिरवावं लागायचं. इंजिन सोडायचं, ब्रेकच्या हवेच्या नळ्या सोडायच्या, मोकळ्या रुळावरून इंजिन दुसऱ्या टोकाला न्यायचं, जोडायचं, नळ्या जोडायच्या, हवा भरून ब्रेक नीट लागतात का ते बघायचं. गार्डही आपलं सामान घेऊन टोक बदलायचा. यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जायची. एवढा वेळ उघड्या खिडक्यांची गाडी समोर उभी, हे गाणाऱ्या माणसाला दुसरीकडे क्वचित मिळतं. शिवाय गाडी सुटते तेव्हा मघाशी पुढे तोंड करून बसलेला माणूस आता पाठमोरा निघालेला असतो. वसुलीवाला असाच निघतो, फलाट डोळ्यांसमोरून लांब जाताना बघत. हे मला कल्पावं लागलं नाही, दौंडनं आयतं दिलं.

आता गाण्याचा हिशोब. तो मी खरोखर कागदावर मांडला होता, कारण ओळ अर्धी राहणं योगायोग वाटू नये अशी माझी इच्छा होती. जुन्या स्लीपर डब्यात बहात्तर बर्थ, म्हणजे नऊ कप्पे. मुखड्याला पंधरा सेकंद आणि अंतऱ्याला पंचवीस धरले तर एका कप्प्यापुढे पूर्ण गाणं म्हणायला चाळीस सेकंद लागतात. नऊ कप्प्यांना सहा मिनिटं. वीस मिनिटांत जेमतेम तीन डबे, आणि पैसे देणारा माणूस काही पूर्ण गाणं ऐकून देत नाही. द्यायचे तर तो मुखड्यावरच देतो, नाहीतर देतच नाही. म्हणून ती बाई मुखडा एका खिडकीशी म्हणते आणि अंतरा चालता चालता पुढच्या खिडकीकडे नेते. पुढच्या खिडकीला तिची चाहूल अंतऱ्यातून लागते आणि समोर आल्यावर पुन्हा मुखडा. थोडक्यात, अख्ख्या गाडीत एकाही प्रवाशाला गाणं धड पूर्ण मिळत नाही. शिवाय रेल्वेच्या 1989 च्या कायद्यानं स्टेशनात भीक मागायला मनाई आहे. गाणं त्यात धरायचं की नाही, हे समोरून येणाऱ्या जवानावर अवलंबून. त्यामुळे एका जागी थांबणं तिला तसंही परवडत नाही.

फरशीच्या तुकड्यांबद्दल एकदोघांनी लिहिलं की ढोलकी द्यायला हवी होती, ती जास्त मराठी वाटली असती. वाटली असती, पण ऐकू आली नसती. उभ्या गाडीची घरघर, पंखे, चहावाल्यांचा गलका यांत ढोलकीचा घुमारा बुडतो. फरशीचा चरचरीत टणत्कार त्या सगळ्याच्या वर तरंगतो. तीन डबे अलीकडूनच कळतं की बाई येतेय.

गाणं डोक्यात अडकण्याबद्दल मी थोडं वाचलं होतं. ब्लुमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली मांडलं होतं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा मधेच तोडलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं. नंतरच्या प्रयोगांत सगळ्यांनाच तसं आढळलं नाही, म्हणून गोष्टीचा सगळा भार मी त्यावर टाकलेला नाही. माझ्या जास्त उपयोगी पडलं ते दुसरं निरीक्षण: हातातलं काम फार सोपं असलं किंवा फार अवघड असलं, की मन सुटतं आणि गाणं आत शिरतं. थकून खिडकीशी बसणं हे पहिल्या प्रकारचं काम, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे पैसे मागणं हे दुसऱ्या. वसुलीवाला दिवसभर या दोन्हींमध्येच फिरतो.

2015 मध्ये इंग्लंडातल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की च्युइंगगम चघळणाऱ्यांना डोक्यातलं गाणं कमी छळतं. मनातल्या मनात गातानाही आपण जबड्याची, जिभेची यंत्रणा वापरत असतो. ती चघळण्यात गुंतली की गाण्याला जागा उरत नाही. माझा माणूस च्युइंगगम खाणारा नाही. तो शेंगदाणे खातो. पुडी असेपर्यंत गाणं गप्प, पुडी संपली की राहुरीच्या आसपास पुन्हा “बाई मी उभी”. तो प्रसंग विनोदी वाटतो असं लोक म्हणतात. वाटू दे.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून टाळली. रेल्वेच्या गोष्टीत गाडीच्या धडधडीवर गाणं चढतंच. पूर्वी ते खरं होतं. तेरा मीटरचे रूळ, साठच्या वेगानं गाडी मिनिटाला हजार मीटर जाते, म्हणजे मिनिटाला साधारण सत्त्याहत्तर सांधे. चांगली संथ लय. आता रूळ वितळजोड करून लांबच लांब केलेले असतात, ठोका ऐकू येतो तो मुख्यतः स्टेशनाजवळ, रूळ बदलताना. म्हणून माझ्या गोष्टीत तो नीट गुणगुणत असतो आणि गाडी स्टेशनात शिरताना रुळांच्या खडखडाटानं त्याचा ठेका चुकतो. मग सगळं पुन्हा मुखड्यापासून.

आता ती ओळ. पहिल्या खर्ड्यात होती, “बाई मी उभी लिंबाखाली.” वसुलीवाल्याला ती घोषणेच्या अलीकडेच ऐकू यायची. साधी, चांगली ओळ, मला अजूनही आवडते. पण ती मिळाली की तो माणूस शांत झोपून जात होता. अंतरा मुखड्याला येऊन मिळाला, समेवर पडला, संपलं. अहिल्यानगर यायच्या आत माझी गोष्ट आटोपली आणि पुढे त्याला काही करायलाच उरलं नाही.

ओळ काढली आणि दुसऱ्या दिवसाचा तो प्रसंग आला. एका घराच्या दारात उभा राहून तो वहीत नाव शोधतोय आणि नकळत गुणगुणतोय. कर्ज सुनेच्या नावावर आहे, सून कामाला गेलीय, ओट्यावर सासू बसलीय. ती ऐकते आणि विचारते, “उभी कुठं?” तो म्हणतो, तेच आठवत नाहीये. म्हातारी म्हणते, “उंबऱ्यात असंल. बायका आन् कुठं उभ्या ऱ्हातात?”

तो तिथेच म्हणून बघतो. उंबऱ्यात. मापात बसतं. ओठ मिटलेले त्यानं पाहिले होते, आणि उंबऱ्यातही ओठ मिटतातच. पण लिंबाखाली म्हटलं तरी मिटतात आणि बांधावर म्हटलं तरी. नुसत्या ओठांवरून प, फ, ब, भ, म यांतलं काही वेगळं काढता येत नाही. आवाज नसला तर ही सगळी एकच. म्हणजे त्याच्याकडे पुरावा आहे, तरी तो कुणाचाच दावा खोडू शकत नाही आणि कुणाचा मान्यही करू शकत नाही. त्या नादात तो हप्ता मागायचा विसरतो. म्हातारीला ते कळतं, ती आठवण करून देत नाही. माझ्या मते गोष्ट या जागी आहे. ओळ सापडली असती तर ही म्हातारी गोष्टीत आलीच नसती. लिंबाखालीला मी त्यापुढे काय म्हणून जपावं?

शेवटी तो मुद्दाम पुण्याला जायचं काम काढतो, येताना दौंडला कान टवकारून बसायचं म्हणून. पण त्याची गाडी दौंडच्या फलाटाला लागतच नाही. मनमाडकडच्या गाड्यांना तोंड फिरवावं लागू नये म्हणून बाहेरून कॉर्ड लाइन टाकली आहे, तिच्यावर वेगळं छोटं स्टेशन आहे. गाडी तिथे क्षणभर थांबते आणि तशीच पुढे जाते. हे मी गोष्टीच्या सोयीसाठी रचलेलं नाही, त्या मार्गावरून जाणाऱ्यांना माहीत आहे. रेल्वेचा वेळ वाचतो, प्रवाशांचा वाचतो, आणि ते योग्यच आहे. माझी स्वतःचीही त्याबद्दल तक्रार नाही, मीही त्याच गाडीनं जाते.

त्यामुळे पुढची ओळ विचारणाऱ्यांना एक गोष्टीबाहेरचं सांगते, कारण गोष्टीत ते घालायला जागा नव्हती. ती बाई आता सोलापूरकडच्या गाड्यांना गात असणार. त्या दौंडला येतात, पण तोंड न फिरवता सरळ निघून जातात. दोन-पाच मिनिटांचा थांबा, त्यात एसी डब्यांच्या काचा बंद, ते डबे सोडून पुढे पळायचं. दोन मिनिटांत चाळीस सेकंदांचं गाणं तीनदा होतं, म्हणजे तीन कप्पे. नुसता मुखडा म्हटला तर आठ कप्पे, जवळजवळ एक डबा. पोट भरायचं असलेलं माणूस यातलं काय निवडेल हे उघड आहे. उभी कुठे, ते आता तीही म्हणत नसेल.