राजा तिचा निघाला, राणी त्याची

मागच्या वेळी टॅरोच्या ज्या कपल स्प्रेडवर, म्हणजे जोडप्यासाठी मांडलेल्या तीन पत्त्यांवर, अडकलो होतो तो एकदाचा सुटला, पण त्याआधी माझी फजिती झाली ती ऐका. भुसावळची मावसबहीण आणि तिचा नवरा, पहिली जागा तिची, दुसरी त्याची, तिसरी दोघांच्या मधली. पहिल्या जागेवर आला किंग ऑफ स्वोर्ड्स, दुसरीवर क्वीन ऑफ वॉन्ड्स. आणि मी शहाण्याने राजा म्हणजे नवरा, राणी म्हणजे बायको असं धरून मनातल्या मनात जागाच बदलल्या! तीन संध्याकाळी तेच वाचत होतो, नवरा कोरडा, बायको तापट, आणि ती नुसती हं हं करायची. शेवटी हसायलाच लागली, "दादा, तू उलटं वाची राह्यना."

मग जागा होत्या तशाच ठेवून वाचलं. ती जीएसटीचे रिटर्न भरते, भांडताना आवाज चढत नाही पण तू होळीला काय बोलला होतास ते शब्दासकट काढते, म्हणजे थेट समोर बघत तलवार घेऊन बसलेला राजाच की. आणि तो, न विचारता दहा जणांना भरीत-पुरीला घरी आणणारा, हातात सूर्यफूल, पण पायाशी ते काळं मांजर, काही लागलं की चार दिवस मनात धरून बसतो. (माझ्या स्वस्तातल्या डेकमध्ये प्रिंट एवढं काळपट की मांजर दिसतच नाही, शंभर-दोनशे वाचवायच्या नादात असला डेक घेऊ नका.)

खरी गोची पुढेच. वॉन्ड्सचं तत्त्व आग, स्वोर्ड्सचं हवा, आणि एलिमेंटल डिग्निटीत, म्हणजे पत्त्यांची तत्त्वं एकमेकांना बळ देतात की दाबतात ते बघताना, हे मित्र आहेत, आगीचं वैर पाण्याशी, हवेचं जमिनीशी. मग एवढं वाजतं का? कूलर बंद करून घामाघूम बसलो होतो तेव्हा आजीची फुंकणी आठवली. तो पेटतो, ती मुद्दा काढते, तो अजून पेटतो. दोघं एकमेकांना विझवतच नाहीत, म्हणून भांडण थांबत नाही.

आणि मध्ये सिक्स ऑफ पेंटॅकल्स, जमीन. आगीला त्याचा त्रास नाही, दबते ती हवा. चित्रातला माणूस एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने नाणी वाटतोय. म्हटलं, उसने पैसे देण्यावरून तू गप्प बसतेस का गं? ती म्हणाली, त्याचे मित्र समोर असले की बसते, रात्री बोलते. इथे मला लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वेळी सिग्निफिकेटर, म्हणजे त्या माणसाच्या नावाने ठेवायचा पत्ता, काढून बघणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय की ते राहू दे, आधी जुनी वही काढतो आणि असे किती राजे मी नवऱ्यांच्या गळ्यात बांधलेत ते मोजतो. पाचसहा तरी निघतील.