मिनीप्रेप लॉग: सोल्यूशन टूमध्ये जास्त वेळ राहिलं तर काय होतं

या वेळी एकच गोष्ट नीट बघायची होती. मिनीप्रेपमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया फोडून त्यातलं प्लाझ्मिड हे डीएनएचं छोटं गोल कडं वेगळं काढताना, सोल्यूशन टू टाकल्यावर पाच मिनिटांच्या वर थांबू नका असं सगळेच सांगतात, पण थांबलं तर नेमकं बिघडतं काय, ते जेलवर स्वतः बघायचं होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये परवानगी घेऊन डीएच५ अल्फा या बॅक्टेरियातलं पीयूसी१९ प्लाझ्मिड रात्रभर ३७ अंशाला अँपिसिलिनवाल्या एलबीत वाढवलं आणि त्याच कल्चरच्या दीड-दीड मिलीच्या तीन ट्यूब केल्या. एकीला सोल्यूशन टूमध्ये २ मिनिटं, दुसरीला ५, तिसरीला २०, बाकी सगळं सारखं.

पेलेट केल्यावर मीडिया अगदी शेवटच्या थेंबापर्यंत काढला आणि सोल्यूशन वन १०० मायक्रोलिटर टाकलं. यात ग्लुकोज, पीएच ८ चं ट्रिस, ईडीटीए आणि मी आरएनएजही घालते. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतो, त्यामुळे पेशीचं बाहेरचं आवरण सैल पडतं आणि डीएनए खाणारे एन्झाइमही गप्प बसतात. पण माझ्या मते या पायरीचं खरं काम पेलेट पूर्ण सुटा करणं हेच आहे, एकही गुठळी दिसता कामा नये, इथे हवं तेवढं व्हॉर्टेक्स करा. गुठळी राहिली की सोल्यूशन टूने तिच्या बाहेरच्या पेशी फुटतात, त्यांचा चिकट लगदा होतो आणि आतल्या पेशी तशाच अडकून राहतात, मग यील्ड कमी आला म्हणून आपण कल्चरला दोष देतो.

मग सोल्यूशन टू, २०० मायक्रोलिटर. ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस, त्याच दिवशी बनवलेलं, कारण हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि कमजोर होत जातं. बर्फात ठेवू नका, एसडीएस गारठून पांढरा खाली बसतो. एसडीएसने पेशी फुटतात, प्रोटीन उलगडतात आणि अल्कलीने डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून सुटतात. ट्यूब चार-पाच वेळा हळूच उलटी-सुलटी केली की गढूळ पाणी पारदर्शक आणि तार सुटणारं होतं, झाकण उघडताना तार दिसते. आता व्हॉर्टेक्स अजिबात नाही, क्रोमोसोमचे बारीक तुकडे झाले तर ते पुढे प्लाझ्मिडबरोबरच येतात.

सगळी गंमत इथे आहे. क्रोमोसोमच्या लांबलचक पट्ट्या सुटल्या की पुन्हा आपापल्या जागी जुळणं त्यांना अवघड जातं. प्लाझ्मिडच्या दोन पट्ट्या मात्र साखळीच्या दोन कड्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात, सुटल्या तरी लांब जाऊ शकत नाहीत. म्हणून सोल्यूशन थ्री, म्हणजे पोटॅशियम ॲसिटेट आणि ॲसिटिक ॲसिड, बर्फासारखं गार, १५० मायक्रोलिटर टाकून पीएच पटकन खाली आणला की प्लाझ्मिड पुन्हा नीट जुळतं. क्रोमोसोम मात्र गुंता होऊन पोटॅशियम आणि एसडीएसच्या पांढऱ्या चोथ्यात प्रोटीनसकट अडकतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतो. क्रम उलटा करून थ्री आधी टाकलं तर टूमधला एसडीएस येताक्षणी पोटॅशियमबरोबर खाली बसेल आणि ॲसिडने अल्कलीही मरेल, पेशी फुटायला काही उरणारच नाही.

वरचं पाणी वेगळं काढून इथेनॉलने डीएनए खाली बसवला, ७० टक्के इथेनॉलने धुतला, वाळवून टीईमध्ये विरघळवला. १ टक्का ॲगरोजवर २ आणि ५ मिनिटांची लेन जवळपास सारखीच, पीळ घट्ट असलेल्या सुपरकॉइल्ड प्लाझ्मिडचा ठळक बँड आणि वर एक पट्टी तुटून सैल पडलेल्या निक्ड सर्कलचा फिकट. २० मिनिटांच्या लेनमध्ये मात्र सुपरकॉइल्डच्याही खाली, पुढे पळालेला एक नवीन बँड. ईकोआरआय या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापल्यावर तिन्ही लेनमध्ये २.७ केबीचा सरळ बँड आला पण तिसरीतला तो खालचा बँड जसाच्या तसा राहिला. जास्त वेळ अल्कलीत राहून पट्ट्या इतक्या उलगडल्या की पीएच खाली आल्यावर जोड्या चुकीच्या जागी बसल्या आणि सगळं आवळून गोळा झालं, त्यात एन्झाइमला ओळखायला दुहेरी जागाच सापडत नाही. हा डीएनए डायही नीट धरत नाही, म्हणजे बँड दिसतो त्यापेक्षा खराब माल जास्तच असणार. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तो वेगळा दिसणार नाही, त्यामुळे नुसत्या रीडिंगवर क्लोनिंगला जाऊ नका, आधी थोडं कापून जेल चालवा.

बऱ्याच ट्यूब एकदम करत असाल तर घड्याळ पहिल्या ट्यूबला टू पडल्यापासून लावा आणि थ्री त्याच क्रमाने टाका. शेवटच्या ट्यूबपर्यंत पोचता पोचता पहिली पाच मिनिटं ओलांडत असेल तर बॅच लहान करा, मी आता सहाच्या वर एकावेळी घेत नाही.