तीन मिली आणि दंडाचा स्नायू

त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षेत इंजेक्शनचं स्टेशन माझ्याकडे होतं. टेबलावर दंडाचं एक मॉडेल, शेजारी खुब्याचं दुसरं आणि पोटाचा रबरी पॅड. कार्डावर दोन ऑर्डर लिहिल्या होत्या. पहिली डायक्लोफेनॅक ७५ मिलीग्रॅम, स्नायूत. दुसरी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन ५००० युनिट, त्वचेखाली. खाली रुग्णाचं वर्णन होतं, प्रौढ, बारीक अंगकाठी, पोटाची त्वचा चिमटीत धरली तर २.५ सेंटिमीटर येते.

सकाळपासूनच्या मुलींमध्ये या एका विद्यार्थिनीचा हात सर्वांत स्वच्छ होता. हात धुणं, रुग्णाची ओळख पडताळणं, अँप्युलवरचं नाव आणि मुदत तपासणं, सगळं ओळीने आणि न घाबरता. तिने अँप्युल फोडून ३ मिली औषध भरलं, सुई बदलली आणि सरळ दंडाच्या मॉडेलकडे वळली. खांद्याचं टोकाचं हाड चाचपलं, त्याखाली तीन बोटं आडवी ठेवली, त्वचा ताणली आणि सुई ९० अंशांत घातली. जागा बरोबर, कोन बरोबर. मग तिने तिन्ही मिली तिथेच ढकललं.

परीक्षकाला मध्ये बोलता येत नाही. मी चेकलिस्टवर 'जागेची निवड' या ओळीपुढे शून्य लिहिलं, आणि गुण भरून झाल्यावर तिला विचारलं, "दंडात किती मावतं?"

"एक मिली, मॅडम. फार तर दोन."

"आणि तू किती दिलंस?"

तिने हातातल्या रिकाम्या सिरिंजकडे पाहिलं आणि गप्प झाली.

आकडा तिला पाठ होता. चुकला तो क्रम. सरावाच्या खोलीत दंडाचं मॉडेल हाताशी असतं, त्यावर पन्नास वेळा सुई घातलेली असते, त्यामुळे 'स्नायूत' हा शब्द वाचला की हात आपोआप दंडाकडे जातो. खरं तर आधी औषध किती मिली आहे ते पाहायचं, मग तेवढं सामावून घेणारा स्नायू निवडायचा, आणि सुईची लांबी त्यानंतर. दंडाचा डेल्टॉइड लहान असतो. त्यात ३ मिली कोंबलं तर स्नायू ताणला जातो, दुखतं, औषध सुईच्या वाटेने परत वर येतं, आणि डायक्लोफेनॅकसारखं दाहक औषध त्वचेखालच्या थरात झिरपलं तर तिथल्या पेशी मरू शकतात. हे औषध खोल, मोठ्या स्नायूत द्यायचं ते यासाठीच. लसीचा अर्धा मिली दंडात बिनधास्त द्यावा, हे औषध नाही.

तिचा दुसरा विचार नितंबाच्या वरच्या बाहेरच्या चौकोनाचा होता. बऱ्याच जणी हेच उत्तर देतात, आणि जुन्या पद्धतीत ते चालत आलं आहे. पण त्या भागाजवळून सायटिक नर्व्ह जाते आणि सुपीरिअर ग्लुटिअल धमनीही तिथेच आहे. शिवाय अनेकांच्या नितंबावर चरबीचा थर इतका जाड असतो की सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही. म्हणून मी तिला खुब्याची जागा, व्हेंट्रोग्लुटिअल, दाखवायला सांगितलं. इथे मोठी नस किंवा मोठी रक्तवाहिनी वाटेत येत नाही आणि प्रौढाला ३ मिली आरामात देता येतं.

मॉडेलचा उजवा खुबा समोर होता. तिने उजवा हात ठेवला, आणि अंगठा पाठीकडे गेला. ही चूक मी दर परीक्षेत पाहते. रुग्णाच्या उजव्या खुब्याला आपला डावा हात लागतो, डाव्याला उजवा. तळव्याचा मागचा भाग मांडीच्या वरच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर टेकवायचा, अंगठा जांघेकडे ठेवायचा, तर्जनी कमरेच्या पुढच्या टोकदार हाडावर ठेवायची आणि मधलं बोट कमरेच्या कडेने मागे पसरायचं. दोन बोटांच्या मध्ये जो त्रिकोण उरतो, त्याच्या मध्यावर सुई. अंगठा जांघेकडे वळलेला नसेल तर हात बदलायचा, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरते. तिने हात बदलला. बोटं हाडावर टेकली तेव्हा तिने जरा दाबून पाहिलं, कारण कपड्यावरून किंवा नजरेने अंदाज लावला की तळवा उंचवट्याच्या वरच बसतो आणि सगळा त्रिकोण सरकतो.

दुसऱ्या ऑर्डरला तिने आणखी दोन गुण गमावले होते, पण ती चूक समजण्यासारखी आहे. तिने पोटावर, नाभीपासून पाच सेंटिमीटर सोडून, जागा अगदी योग्य निवडली. मग १६ मिलिमीटरची सुई ९० अंशांत घातली. पोट म्हणजे ९० अंश, असं कुणीतरी तिला शिकवलं होतं. कोन पोटावरून ठरत नाही. तो सुईची लांबी आणि चरबीची जाडी यांवरून ठरतो. चिमटीत दोन थर येतात, म्हणजे २.५ सेंटिमीटरच्या चिमटीत एक थर साधारण १२ मिलिमीटरचा. १६ मिलिमीटरची सुई सरळ घातली आणि चिमूट सैल पडली, तर टोक ४ मिलिमीटर पुढे, स्नायूत. तीच सुई ४५ अंशांत घातली तर खोली साधारण ११ मिलिमीटर, म्हणजे टोक चरबीतच, जेमतेम. हेपॅरिन स्नायूत गेलं तर आत रक्त साकळतं. चिमूट ५ सेंटिमीटर भरत असेल, किंवा सुईच आखूड, ४ ते ६ मिलिमीटरची असेल, तर ९० अंश योग्य. त्वचेखाली द्यायची मात्रा मात्र दोन्ही वेळी एक मिलीच्या आसपासच ठेवायची.

शेवटी तिने सुई काढून कापसाने ती जागा चोळली. हात सवयीने फिरला, तिला कळलंही नसावं. हेपॅरिननंतर हलकं दाबून धरायचं, चोळायचं नाही, नाहीतर काळानिळा डाग पडतो. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहायचंही नाही. त्या ओढण्यानेच लहान रक्तवाहिन्या दुखावतात.

निकाल बदलणार नव्हता, पण स्टेशन रिकामं होतं, म्हणून मी तिला पहिलं इंजेक्शन खुब्यावर पुन्हा द्यायला लावलं. त्वचा एका बाजूला दोन-तीन सेंटिमीटर सरकवून धरली, सुई ९० अंशांत, ३८ मिलिमीटरची. मग दट्ट्या. पहिल्या वेळी तिने तीन मिली पाच सेकंदांत संपवलं होतं. आता मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. एका मिलीला दहा सेकंद, म्हणजे पूर्ण अर्धं मिनिट. वीस सेकंद झाल्यावर तिचा अंगठा थरथरू लागला, आणि सिरिंज किंचित कलली. सुईचं टोक आत असताना सिरिंज कलली की टोक स्नायू ओरबाडतं, आणि तिला ते मॉडेलवर जाणवणार नव्हतं, म्हणून मी सांगितलं. तिने मनगट मॉडेलवर टेकवलं, सिरिंज सरळ झाली. औषध संपल्यावर सुई तशीच ठेवून तिने ओठांतल्या ओठांत दहा मोजले, सुई काढली आणि मगच ताणलेली त्वचा सोडली. यावेळी कापूस उचलला, जागेवर नुसता टेकवला आणि हात तिथेच थांबवला.