चौथा घात आणि सोळापट चूक: मिती विश्लेषणाचा माझा अनुभव

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एकक आणि मिती या धड्यावर आम्हाला बारा गणितांचा संच मिळाला होता. अकरा गणितं दोन संध्याकाळी झाली. सातव्या गणिताला मात्र पूर्ण आठवडा गेला, आणि मिती कशासाठी काढायच्या ते मला त्या एका गणिताने शिकवलं.

गणित असं: बारीक नळीतून दर सेकंदाला किती पाणी वाहतं याचं सूत्र लिहा, ते मितींनी तपासा आणि मग मितींवरूनच पुन्हा मिळवा. हे पॉईझलीचं सूत्र. पॉईझली फ्रेंच डॉक्टर होता. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे कळावं म्हणून त्याने १८४० च्या सुमारास काचेच्या केशनलिकांतून पाणी सोडून मोजमापं घेतली होती. बारावीत पाठ केलेलं सूत्र मी आठवून लिहिलं:

Q = π P r³ / 8 η l

इथे Q म्हणजे दर सेकंदाला वाहणारं घनफळ, P नळीच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक, r त्रिज्या, l लांबी आणि η म्हणजे द्रवाची श्यानता, ज्याला आम्ही सगळे व्हिस्कॉसिटीच म्हणतो.

तपासायला बसले तर η च्या मितीपाशीच अडले. पाठ केलेलं [M L⁻¹ T⁻¹], म्हणजे वस्तुमान M, लांबी L आणि वेळ T यांचे घात, डोक्यात होतं, पण ते कुठून आलं ते सांगता येईना. सरांनी विचारलं, "श्यानतेचं एकक काय गं?" म्हटलं, पास्कल-सेकंद. "मग झालं की. दाब गुणिले वेळ." एवढ्यावर अर्धं काम झालं. P ला η ने भागलं की दाब दाबाशी कटतो आणि उरतं फक्त T⁻¹. M चा पत्ताच नाही, आणि नकोच होता, कारण डावीकडे घनफळ भागिले वेळ आहे, म्हणजे L³ T⁻¹. उजवीकडे r³ ला l ने भागल्यावर L² राहतो. एक लांबी कमी पडली. त्रिज्येचा तिसरा घात चालणारच नव्हता, चौथाच हवा होता. घोटून घोटून जे सूत्र लक्षात राहिलं नव्हतं, ते या एका ओळीनंतर पुन्हा कधी चुकलं नाही.

मग दुसरा भाग. Q हा P, r, η आणि l यांच्या घातांवर अवलंबून आहे असं धरलं. चार घातांक शोधायचे, आणि समीकरणं मात्र तीनच: M चं, L चं, T चं. सोडवायला गेले की एक घातांक लोंबकळत राहायचा. माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, उत्तर माहीत आहे ना, मग l चा घात उणे एक टाकून दे. मला ते पटेना. उत्तर आधी घालून उत्तर काढायचं, तर काढलं काय?

खरी अडचण अशी की r आणि l दोन्ही लांब्याच. मितीला आडवी लांबी आणि उभी लांबी यांतला फरक दिसत नाही. तो फरक भौतिकशास्त्रातून आपणच सांगावा लागतो. सारख्या जाडीच्या नळीत दाब लांबीभर सारख्या गतीने उतरतो. नळी दुप्पट लांब केली आणि दाबाचा फरकही दुप्पट केला, तर प्रत्येक सेंटिमीटरची परिस्थिती तीच राहते आणि प्रवाहही तोच. म्हणजे P आणि l वेगवेगळे येतच नाहीत, P/l असे जोडीने येतात. या जोडीची मिती [M L⁻² T⁻²]. आता तीनच घातांक उरले: P/l चा a, r चा b, η चा c.

M: a + c = 0
L: −2a + b − c = 3
T: −2a − c = −1

पहिल्यावरून c = −a. ते तिसऱ्यात घातलं की a = 1, म्हणून c = −1, आणि दुसऱ्यातून b = 4. पाठांतराशिवाय चौथा घात वहीत उतरला तेव्हा मी ते पान मैत्रिणीला दोनदा दाखवलं. π/8 मात्र यातून येत नाही. तो नुसता आकडा आहे, त्याला मिती नाही.

हा आकडा मितीला दिसत नाही याचा खरा अर्थ प्रॅक्टिकलमध्ये कळला. थर्मामीटर २० अंश दाखवत होता. नळी ३० सेंटिमीटर लांब, पाण्याची पातळी नळीच्या वर १० सेंटिमीटर स्थिर ठेवलेली, ५ मिनिटांत २४ मिलिलिटर पाणी जमलं. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने छिद्राच्या डाव्या आणि उजव्या कडेची वाचनं घेतली, फरक आला १ मिलिमीटर. पहिल्याच हिशोबात दाब काढताना मी उंची १० अशीच ठेवली आणि बाकी सगळं मीटरमध्ये घेतलं. ही चूक लगेच सापडली, कारण प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायची सवय लागली होती: शेवटी पास्कल-सेकंदाऐवजी एक सेंटिमीटर आणि एक मीटर एकमेकांशेजारी न कटता उभे होते. ०.१० मीटर घेतल्यावर दाब ९८० पास्कल आला. एककं आता चोख जुळली. उत्तर आलं ०.०१६ पास्कल-सेकंद.

पाण्याची श्यानता २० अंशाला ०.००१ असते. माझी सोळापट. एककं पुन्हा तपासली, मिती पुन्हा तपासल्या, सगळं बरोबर. सरांनी वही पाहिली आणि विचारलं, "मायक्रोस्कोपने काय मोजलंस?" दोन कडांमधलं अंतर, म्हणजे व्यास. तोच मी r म्हणून घातला होता. व्यासाची मिती L, त्रिज्येचीही L, आणि दोनाचा चौथा घात सोळा. अर्धा मिलिमीटर घातल्यावर ०.००१० आलं. मग तेच गणित सेंटिमीटर-ग्रॅममध्येही केलं: दाब ९८०० डाइन प्रति चौरस सेंटिमीटर, त्रिज्या ०.०५ सेंटिमीटर, प्रवाह दर सेकंदाला ०.०८ घनसेंटिमीटर. उत्तर ०.०१ पॉईज. एक पॉईज म्हणजे ०.१ पास्कल-सेकंद, तेव्हा दोन्ही उत्तरं एकच.

एक शंका तरीही राहिली होती. यादीत पाण्याची घनता का नाही? ती d घाताने घालून पाहिली. पुन्हा चार अज्ञात, तीन समीकरणं, आणि या वेळी एकत्र बांधायला काही जोडीही नाही. a मोकळा ठेवला तर c = 1 − 2a, d = a − 1, b = 1 + 3a. मी हे सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी फळ्यावर दोन किमती घालून पाहायला सांगितलं. a = 1 घेतलं की घनता गळून पडते आणि पॉईझली परत येतो: बारीक नळी, संथ प्रवाह, जिथे पाण्याचा थर थराला घासत जातो आणि अडथळा फक्त श्यानतेचा. a = ½ घेतलं की श्यानता गळून पडते, आणि प्रवाह त्रिज्येच्या अडीचाव्या घाताने व दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. आतून खडबडीत झालेल्या मोठ्या पाइपात पाणी जोराने उसळत जातं तेव्हा साधारण असंच होतं.

आमच्या नळीत पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला जेमतेम १० सेंटिमीटर होता. घनता गुणिले वेग गुणिले व्यास, भागिले श्यानता, हा बिनमितीचा आकडा काढला तर १०० च्या आसपास आला. प्रवाह खळबळायला लागतो तो २००० च्या पुढे. म्हणून सातव्या गणितात घनता नव्हती.